रिफंड अडकलाय, मेलवर मेल गेले, उत्तर मात्र तेच: तक्रारीचा मेल कसा दुरुस्त करायचा

एका ऑनलाइन दुकानाच्या ग्राहक सेवेत मी सहा वर्षं काम केलं, त्यातली शेवटची तीन रिफंडच्या टेबलावर. नोकरी सुटली, पण ते काम सुटलं नाही. ओळखीत कुणाचे पैसे अडकले की मसुदा माझ्याकडे येतो, "जरा बघ ना, काय चुकतंय?" असं म्हणत. इतके मसुदे दुरुस्त केल्यावर सांगू शकते की बिघाड बहुतेक वेळा एकच असतो. माणसाचं म्हणणं खरं असतं, राग रास्त असतो, पण मेल वाचणाऱ्याला त्यात काम करण्याजोगं काही सापडत नाही.

लक्षणं

तुमचा मेल बिघडलाय हे समोरच्याच्या उत्तरावरून ओळखता येतं. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आम्ही यात लक्ष घालत आहोत" असं तयार उत्तर आलं, आणि त्यात रक्कमही नाही, तारीखही नाही. किंवा तुम्ही तीन परिच्छेद लिहिले आणि उलट एवढंच विचारलं गेलं की ऑर्डर क्रमांक काय आहे. किंवा उत्तर पैशांबद्दल न येता तुमच्या भाषेबद्दल आलं. किंवा काहीच न होता तक्रार "निकाली" दाखवून बंद झाली. प्रत्येक वेळी नवा माणूस पहिल्यापासून विचारायला लागतो, हेही त्यातलंच लक्षण.

एका मैत्रिणीने खुर्ची परत केली होती. तिने पाठवलेला मेल तिच्या परवानगीने जसाच्या तसा देते:

> गेले पंधरा दिवस तुम्ही लोक मला नुसतं फिरवताय. रोज वेगळा माणूस, रोज वेगळं कारण. वस्तू न्यायला दुसऱ्या दिवशी माणूस हजर, पैसे द्यायची वेळ आली की सगळे गायब! ही सरळ सरळ लूट आहे. लाज कशी वाटत नाही? माझे 6,240 आत्ताच्या आत्ता परत करा, नाहीतर कोर्टात खेचीन आणि सगळीकडे तुमची अब्रू काढीन.

आता हा मेल उघडणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. आमच्या पडद्यावर डावीकडे तक्रारींची रांग असायची आणि प्रत्येकीच्या फक्त पहिल्या दोन ओळी दिसायच्या. त्या दोन ओळींवरून तक्रार कुठल्या खात्यात टाकायची ते ठरायचं. इथे पहिल्या दोन ओळींत "फिरवताय" आहे, "वेगळं कारण" आहे, रिफंड हा शब्दच नाही. म्हणजे ही तक्रार कर्मचाऱ्यांच्या वागणुकीच्या खात्यात जाणार. आणि "कोर्ट" शब्द असलेला मेल आमच्याकडे नियमाने कायदा विभागाकडे जायचा. तिथून परत येईपर्यंत मला त्या ग्राहकाला एक अक्षर लिहायची परवानगी नसायची. पैसे सोडायचं बटण माझ्यासमोर असायचं आणि हात बांधलेले असायचे. हे मी अनेकदा भोगलंय, म्हणून सांगते.

खालच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने घ्या. पहिल्या दोनमध्ये मेलला हातही लावायचा नाही.

पहिली तपासणी: पैसे खरंच आलेले नाहीत ना?

याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च काहीच नाही. रिफंड सहसा ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने परत जातो. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर तो कार्डाच्या खात्यात जमा होतो, बचत खात्यात शोधून सापडणार नाही. काही दुकानं रक्कम स्वतःच्या वॉलेटमध्ये टाकतात, तेही उघडून बघा. ऑर्डर केल्याकेल्याच रद्द केली असेल तर कधीकधी वेगळी जमा नोंद दिसतच नाही, मूळ खर्चाची नोंदच गायब होते. कारण व्यवहार बँकेत पक्का होण्याआधीच मागे घेतलेला असतो.

रक्कमही तपासा. मैत्रीण 6,240 मागत होती. त्यातले 240 पोचवण्याचे होते, आणि ते परत मिळत नाहीत असं तिने मान्य केलेल्या अटींतच लिहिलं होतं. खरा आकडा 6,000.

ही तपासणी पहिली का, तर मेलमधली एक चुकीची गोष्ट बाकीच्या दहा खऱ्या गोष्टींना मारते. उत्तर देणारा नेमकी तीच उचलतो: "6,240 देय नाहीत." तक्रार बंद. त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं त्याने खरं उत्तर दिलेलं असतं.

दुसरी तपासणी: मुदत उलटलीय का?

इथे कॅलेंडर घेऊन बसा. दोन गोष्टी लागतात: मुदत कुठल्या दिवसापासून सुरू होते, आणि दिवस कामाचे धरायचे की सगळे.

मैत्रिणीची खुर्ची 3 मार्चला घरून नेली. ती मोजायला लागली तिथपासून, म्हणून 18 मार्चला तिचे "पंधरा दिवस" भरले. दुकानाच्या मेलमध्ये मात्र लिहिलं होतं की वस्तू गोदामात पोचल्यापासून 10 कामाच्या दिवसांत रक्कम मिळेल. खुर्ची पोचली 6 मार्चला, शुक्रवारी. मोजणी सोमवारी 9 तारखेला सुरू झाली आणि शनिवार-रविवार वगळून दहावा दिवस आला 20 मार्चला. म्हणजे तिने तो जळजळीत मेल पाठवला तेव्हा आठवाच दिवस होता. दुकानाने लिहिलं, "आपला रिफंड मुदतीत आहे," आणि तक्रार बंद केली. नियमाने ते बरोबरच होतं. मग 23 तारखेला तिने दुप्पट रागाने दुसरा मेल पाठवला. त्यालाही तयार उत्तर आलं.

मुदत उलटायच्या आधी चौकशी जरूर करा, पण ती चौकशीच असू द्या. खरा जोर मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून येतो, कारण तेव्हा तुम्ही त्यांचंच वाक्य त्यांच्यासमोर ठेवता. मध्ये बँकेची सुट्टी आली असेल तर एक दिवस जास्त धरा. हिशेब एका दिवसाने सैल ठेवलेला बरा, एका दिवसाने चुकलेला नको.

तिसरी तपासणी: मसुद्यातली वाक्यं वेगळी करा

आता मेलकडे या. राग आला असेल तर आधी तो पूर्ण लिहून काढा, फक्त "प्रति"ची जागा रिकामी ठेवा म्हणजे चुकून जाणार नाही. मग कागदावर किंवा वेगळ्या फाइलमध्ये प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: हे वाक्य घडलेली गोष्ट सांगतं, मनातलं सांगतं, की काही मागतं?

वरच्या मेलवर ही खूण करून बघा. "ही लूट आहे", "लाज कशी वाटत नाही", "अब्रू काढीन" हे सगळं मनातलं. घडलेल्या गोष्टी दीड वाक्यात उरकल्यात आणि त्यातही तारीख नाही. मागणी एकच, "आत्ताच्या आत्ता", आणि ती कुणालाच पूर्ण करता येत नाही, कारण बँकेची प्रक्रियाच काही दिवसांची असते. ज्या मागणीला "हो" म्हणता येत नाही तिला तयार उत्तर मिळतं.

"लाज कशी वाटत नाही?" या प्रश्नाकडे जरा थांबून बघा. त्याला उत्तर काय देणार? समोरचा माणूस फक्त उत्तर असलेल्या प्रश्नांनाच उत्तर देऊ शकतो: कधी पाठवले, किती पाठवले, कुठल्या कार्डावर पाठवले. तुमच्या मेलमधलं प्रत्येक प्रश्नचिन्ह या कसोटीवर घासा. उत्तर म्हणून तारीख, आकडा किंवा हो-नाही येत नसेल तर तो प्रश्न काढा.

"तुम्ही लोक" हे दोन शब्दही नेहमी काढते. "तुम्ही" एकटं चालतं, "आपण"ही चालतं, पण "लोक" जोडलं की समोरचा एकटा कर्मचारी अख्ख्या कंपनीच्या वतीने शिव्या खातो. त्याने तुमची ऑर्डर आयुष्यात पहिल्यांदा उघडलेली असते.

भावना पूर्ण पुसायची गरज नाही. उशिराचा खरा परिणाम झाला असेल तर तो एका वाक्यात ठेवा: "ही रक्कम न आल्याने दुसरी खुर्ची घेता आलेली नाही." हे वाचून माणूस हलतो. "मला प्रचंड मनस्ताप झाला" हे तो दिवसातून चाळीस वेळा वाचतो.

चौथी तपासणी: मागणी पूर्ण करण्याजोगी आहे का?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. "माझे पैसे द्या" यापेक्षा जास्त उपयोगी मागणी आहे: रिफंड पाठवल्याची तारीख आणि त्याचा संदर्भ क्रमांक कळवा.

कार्डावरच्या रिफंडला 23 अंकी क्रमांक असतो, त्याला एआरएन म्हणतात. दुकानाच्या बँकेकडून तुमच्या बँकेकडे निघालेल्या रकमेची ती पावतीच. बँक हस्तांतरणाने पैसे पाठवले असतील तर त्यालाही व्यवहार क्रमांक असतो. हा क्रमांक मागितला की दोनच गोष्टी होऊ शकतात. तो मिळाला, तर पैसे दुकानातून निघालेत आणि आता तुमच्या बँकेला विचारायचं. बँक त्या क्रमांकावरून रक्कम शोधू शकते. तो मिळाला नाही, तर रिफंड अजून निघालेला नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि "आम्ही पाठवलाय" या उत्तराला आता आधार उरत नाही. व्यवहार पक्का होण्याआधीच मागे घेतला असेल तर हा क्रमांक नसतो, हा अपवाद लक्षात असू द्या.

मागणीतून मऊ शब्दही काढा. "जमल्यास", "शक्य असेल तर", "त्रास देतेय त्याबद्दल क्षमस्व" या शब्दांनी हक्काची गोष्ट विनंती होऊन बसते. "कृपया" एकदाच पुरतं. "सदर रक्कम अदा करण्यात यावी" अशी सरकारी भाषाही नको, कारण कोणी करायचं तेच त्यातून नाहीसं होतं. "तुम्ही रक्कम पाठवा" हे सभ्यही आहे आणि स्पष्टही.

पाचवी तपासणी: पुढचं पाऊल खरं आहे का?

मेल ठाम होतो तो तारखेने आणि पुढच्या पावलाने. तीन ते पाच कामाचे दिवस द्या, आणि "लवकरात लवकर" न लिहिता नेमकी तारीख लिहा. त्यानंतर तुम्ही काय कराल तेही सांगा, पण तेवढंच जेवढं तुम्ही त्या दिवशी सकाळी उठून खरंच करणार आहात. "कोर्टात खेचीन" लिहिणाऱ्या शंभरातला एखादाच खेचतो, आणि ते वाचणाऱ्याला पाठ असतं. "31 तारखेला माझ्या बँकेकडे वाद नोंदवीन" हे आवाज न चढवता लिहिलेलं वाक्य जास्त जड असतं. तसा वाद आला की दुकानाला कागदपत्रं द्यावी लागतात आणि बरेचदा शुल्कही बसतं. ते त्यांना नको असतं.

मैत्रीण आणि मी, दोघींनी मिळून मसुदा दुरुस्त केला आणि शेवटी 25 मार्चला हा मजकूर गेला. ऑर्डर आणि तक्रारीचे क्रमांक इथे गाळले आहेत:

> विषय: ऑर्डर क्र. … – 6,000 चा रिफंड मुदत उलटूनही जमा नाही – तक्रार क्र. …
>
> नमस्कार,
>
> वरच्या ऑर्डरमधली खुर्ची मी परत केली. ती 6 मार्चला तुमच्या गोदामात पोचल्याचा तुमचा मेल सोबत जोडला आहे. त्या मेलप्रमाणे 10 कामाच्या दिवसांत, म्हणजे 20 मार्चपर्यंत, 6,000 माझ्या कार्डावर जमा व्हायला हवे होते. आज सकाळपर्यंतचं स्टेटमेंट मी तपासलं आहे. रक्कम आलेली नाही. 18 आणि 23 मार्चच्या माझ्या तक्रारी मात्र बंद झाल्या आहेत.
>
> कृपया 30 मार्चपर्यंत यातलं एक करा. रिफंड पाठवला असेल तर पाठवल्याची तारीख आणि एआरएन कळवा. पाठवला नसेल तर तो पाठवा आणि तसं कळवा.
>
> 30 मार्चपर्यंत यापैकी काही मिळालं नाही तर 31 मार्चला मी माझ्या बँकेकडे या व्यवहाराबद्दल वाद नोंदवणार आहे.

यात एकही कडू शब्द नाही, आणि पळवाटही नाही. विषयाच्या ओळीत सगळं आलंय, त्यामुळे रांगेत पहिल्या नजरेलाच तो रिफंडच्या खात्यात जातो. तो जुन्याच मेलला उत्तर म्हणून पाठवला, म्हणजे मागचा इतिहास सोबत राहिला. रोज नवी तक्रार उघडू नका. अनेक ठिकाणी ती रांगेच्या शेवटी जाऊन बसते आणि जुनीशी जोडायला कुणाला तरी वेळ काढावा लागतो. जोडपत्रं दोनच ठेवा: त्यांचा मुदतीचा मेल आणि स्टेटमेंटचं ते पान. स्टेटमेंटवर कार्डाचे शेवटचे चार अंक सोडून बाकी सगळं झाका.

27 तारखेला उत्तर आलं. रिफंड 12 मार्चलाच निघाला होता, सोबत एआरएन. बँकेत तो क्रमांक दिल्यावर उलगडा झाला: तिचं कार्ड फेब्रुवारीत हरवलं होतं, नवं आलं होतं, आणि रक्कम जुन्या कार्डाच्या नोंदीवर पडून होती. बँकेने चार दिवसांत ती नव्या कार्डावर वळवली. म्हणजे 18 तारखेला ज्यांना तिने लुटारू म्हटलं त्यांनी पैसे सहा दिवस आधीच पाठवले होते. त्यांची चूक होती ती हे साधं वाक्य दोन्ही उत्तरांत न सांगण्याची. तेव्हापासून पहिल्या तपासणीत मी एक प्रश्न वाढवलाय: पैसे भरल्यापासून कार्ड बदललंय का, खातं बंद केलंय का?

इथे थांबा, आणि दुसऱ्याकडे जा

मेल कितीही चांगला असला तरी काही बिघाड त्याने दुरुस्त होत नाहीत.

तुम्ही दिलेली तारीख उलटली आणि ना पैसे आले ना क्रमांक, तर तिसरा, चौथा मेल लिहीत बसू नका. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेला फोन करा आणि "परतावा मिळाला नाही" या कारणाखाली वाद नोंदवायचा आहे असं सांगा. यालाच चार्जबॅक म्हणतात. त्याला मुदत असते. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत ती अनेक प्रकारांना 120 दिवसांची आहे, पण मोजणी कुठून सुरू होते ते प्रकाराप्रमाणे बदलतं आणि तुमच्या बँकेची मुदत कमीही असू शकते, म्हणून पहिल्या फोनवरच विचारा. गोड उत्तरांवर चार महिने काढलेली माणसं मी पाहिलीत, आणि मग बँकेचं दारही बंद झालेलं असतं. वाद नोंदवलात की दुकानाला तसं कळवा. नाहीतर रिफंड आणि चार्जबॅक दोन्ही येतात, आणि एक परत करताना नवा गोंधळ होतो.

दुकानाने लेखी कळवलं की रिफंड देणार नाही, तर हे प्रकरण उशिराचं राहिलेलं नाही. तुम्ही बरोबर की ते, हा आता वाद आहे. रक्कम मोठी असेल किंवा करारातल्या अटींवरून मतभेद असेल तर पुढचा मेल स्वतः लिहू नका. सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने लावून ग्राहक तक्रार यंत्रणेकडे किंवा वकिलाकडे न्या. इथे एखादं चुकीचं मान्य केलेलं वाक्यही अंगाशी येतं.

आणि रिफंड देण्यासाठी कुणी ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन अंक मागितले, एखादं अॅप उतरवून पडदा दाखवायला सांगितला, किंवा आधी थोडे पैसे भरायला सांगितले, तर त्याच क्षणी बोलणं थांबवा. पैसे परत पाठवायला यातलं काहीही लागत नाही. बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून कार्ड बंद करा. तक्रार उघड्यावर लिहिलीत की असे फोन हमखास येतात, म्हणून ऑर्डर क्रमांक आणि फोन नंबर सर्वांना दिसेल अशा जागी टाकू नका.

पैसे जमा झाले की त्याच मेलखाली शेवटची एक ओळ पाठवा: "6,000 अमुक तारखेला मिळाले, तक्रार बंद करावी." बँकेकडे वाद नोंदवला असेल तर तोही त्याच दिवशी मागे घ्या.